सोमवार सोडण्याची वेळ आणि व्यायामशाळेची वेळ

उपवासाच्या दिवशी वजने उचलावीत की नाहीत, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाला विचारला जाईल असे माझ्या विद्यार्थिदशेत कोणी सांगितले असते तर मला हसू आले असते. आज मात्र श्रावण लागला की माझ्याकडे येणाऱ्या पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या आया हाच प्रश्न घेऊन येतात. मुलगा जिमला जातो, मुलगा सोमवारही धरतो, आणि दोन्हींपैकी काहीही सोडावयास तो तयार नाही. अशा वेळी आपल्यापैकी बरेच जण "उपवास तरी कर, नाहीतर व्यायाम तरी कर" असे सांगून मोकळे होतात. हे उत्तर मला पटत नाही. एक तर ते वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही. आणि दुसरे असे की, ते ऐकून मुलगा दोन्ही गोष्टी करीतच राहतो, फक्त आपल्याला सांगणे बंद करतो.

इंदूरमध्ये या प्रश्नाला एक खास स्थानिक पदर आहे. आपला श्रावण अमावास्येनंतर सुरू होतो, तर शेजारच्या माळवी कुटुंबाचा पौर्णिमेनंतर, म्हणजे आपल्या आधी पंधरा दिवस. उज्जैनच्या महाकाळाची सवारी त्यांच्या श्रावणात निघते आणि भाद्रपदातही चालू राहते. तो त्यांचा भाद्रपदाचा आरंभ म्हणजे आपल्या श्रावणाचा उत्तरार्ध. आपली मुले मित्रांबरोबर त्यांचा श्रावण धरतात आणि आईबरोबर आपला. दोन्ही मिळून पंचेचाळीस दिवस आणि सहा-सात सोमवार होतात. एखाद्या दिवसाचा उपवास व्यायामाच्या दृष्टीने किरकोळ बाब असते. परंतु ओळीने सहा-सात आठवडे ठरावीक वारी तीच गोष्ट घडली, तर ती आठवड्याच्या वेळापत्रकाचाच भाग होते आणि तिचा विचार तसाच करावा लागतो. त्यात भर म्हणजे बहुतेक जिममध्ये सोमवार हा आठवड्याचा पहिला, म्हणून सर्वांत जड व्यायामाचा दिवस असतो. रविवारच्या सुट्टीने अंगात आलेला उत्साह महादेवाच्या वारीच बाहेर पडतो!

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. जड वजन पाच-सहा वेळा उचलण्यासाठी लागणारी ऊर्जा त्या क्षणी पोटात असलेल्या अन्नातून येत नाही. ती स्नायूंत आधीच साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिन आणि ग्लायकोजेन या द्रव्यांतून येते. रविवारी रात्री मुलगा नीट जेवला असेल, तर सोमवारी सायंकाळीही हा स्नायूंतील साठा बराचसा शाबूत असतो. उपवासात झपाट्याने घटतो तो यकृतातील साठा, जो रक्तशर्करा टिकवितो. निरोगी किशोराचे शरीर ही उणीव चरबीच्या विघटनातून आणि नवीन शर्करा तयार करून भरून काढते. आठ-दहा वर्षांच्या मुलाचे शरीर मात्र ते तितक्या सहजपणे करू शकत नाही, कारण त्याचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा आणि साठा लहान असतो. म्हणून त्या वयाच्या मुलांनी कडक उपवास करू नये असे मी निःसंदिग्धपणे सांगतो. सतरा वर्षांच्या मुलाबाबत माझी भूमिका वेगळी आहे.

मग सतरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे अंधारी का येते? बहुतेक वेळा त्याचे कारण साखर नसून पाणी आणि मीठ हे असते. उपवासात इन्सुलिनची पातळी खाली येते आणि मूत्रपिंडे नेहमीपेक्षा अधिक सोडियम बाहेर टाकू लागतात. त्यामागोमाग पाणीही जाते. रोजच्या जेवणातून मिळणारे मीठ आणि पाणी त्या दिवशी मिळत नाही. अशा स्थितीत मुलगा खांद्यावर वजन घेऊन, श्वास रोखून बैठक मारतो. श्वास रोखल्याने रक्तदाब क्षणभर खूप चढतो आणि वजन ठेवून श्वास सोडताच एकदम उतरतो. नसांत पुरेसे द्रव असेल तर हा उतार जाणवत नाही. नसेल तर मुलगा भिंतीला धरून उभा राहतो. घरचे लोक "शुगर कमी झाली" म्हणून त्याला पेढा भरवतात. पेढ्याने अपाय नाही, पण उपाय चुकीच्या दुखण्यावर होतो.

दुसरी उणीव प्रथिनांची. आपला उपवास हा पुष्कळदा अन्नाचा त्याग नसून धान्याचा त्याग असतो, आणि धान्याबरोबर डाळीही जातात. सराफ्यातील साबूदाण्याची खिचडी, वर फरियाली मिक्श्चर, पोटभर खाल्ली तर उष्मांक कमी पडत नाहीत. पण १०० ग्रॅम कोरड्या साबूदाण्यात प्रथिने एक ग्रॅमही नसतात. खिचडीत जी काही प्रथिने असतात ती दाण्याच्या कुटाची. म्हणजे ज्या दिवशी मुलगा स्नायूंना बांधणीचे काम देतो, त्याच दिवशी विटा पाठवावयाचे राहून जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण डॉक्टर मंडळी "उपवास आहे का?" एवढेच विचारतो. त्याऐवजी "उपवास केव्हा सोडता?" हे विचारले पाहिजे, कारण व्यायामाची वेळ त्यावरून ठरते. सोमवार सायंकाळी सुटतो. संकष्टी चंद्रोदयाला, म्हणजे बहुधा रात्री आठ ते दहाच्या दरम्यान सुटते. एकादशी मात्र त्या दिवशी सुटतच नाही. तिचे पारणे द्वादशीला सकाळी. दिवसभरात खाल्लेले पदार्थ तिन्ही दिवशी अगदी तेच असले, तरी व्यायामानंतर पूर्ण जेवण किती तासांनी मिळणार हे प्रत्येक वेळी निराळे असते. सोमवारी सायंकाळी साडेपाचला व्यायाम केला तर दीड तासात वरण-भात पुढे येतो. एकादशीला त्याच वेळी केला तर पुढचे चौदा-पंधरा तास बटाटा आणि शिंगाड्यावर काढावे लागतात. म्हणून माझे सांगणे असे असते: सोमवारी व्यायाम उपवास सोडण्याच्या आधी तास-दीड तास करावा, संकष्टीला पंचांगात चंद्रोदय पाहून त्याच्या दोन तास आधी, आणि एकादशीला जड व्यायाम करूच नये, तो दशमीला किंवा द्वादशीच्या सायंकाळी करावा. सर्वांत वाईट वेळ म्हणजे द्वादशीची पहाट, पारण्यापूर्वीची. आदल्या दिवशीची सर्व तूट अंगावर घेऊन मुलगा तेव्हा जिममध्ये उभा असतो, आणि उपवास "काल" झाला म्हणून आज त्याला त्याची आठवणही नसते.

वेळ ठरली की किती उचलावे हा प्रश्न येतो, आणि येथे मुलांचा आणि कित्येक ट्रेनरांचाही समज उलटा असतो. ते म्हणतात, आज उपवास आहे, तर वजन निम्मे करू आणि आवर्तने वाढवू. हलके वजन वीस-पंचवीस वेळा, मध्ये विश्रांती कमी, असा व्यायाम दिसतो सौम्य; पण तोच स्नायूंतील साठा अधिक संपवितो, घाम अधिक काढतो आणि मळमळ आणतो. याउलट नेहमीच्या जवळपासचे वजन थोड्या वेळा उचलून तीन मिनिटे बसले तर शरीरावरचा एकूण भार कमी होतो आणि स्नायूंना ताकद टिकविण्याचा संदेशही मिळतो. तेव्हा वजन फार तर दहा टक्के उतरवावे. सेट निम्म्यावर आणावेत. आणि आणखी तीन वेळा उचलता आले असते अशा ठिकाणी थांबावे. दम संपेपर्यंत ओढणे आणि "आज कमाल किती उचलता येते पाहू" हा प्रयोग, हे दोन्ही त्या दिवशी वर्ज्य.

एका मुलाचे उदाहरण तपशिलाने देतो. वय १७ वर्षे, वजन ६४ किलो, सकाळी आठ ते एक भंवरकुआँच्या बाजूला कोचिंग. सोमवारी पहाटे सहाला, थकवा येण्यापूर्वीच उरकावे म्हणून तो जिमला जात असे. तेथे ८० किलोचे स्क्वॉट, आठ आवर्तनांचे पाच सेट, त्यावर पायांचे आणखी तीन प्रकार, असा सव्वा तास. जाण्यापूर्वी कॅफिनयुक्त पावडरीचा एक पेला. नंतर चहा आणि दोन केळी, दुपारी दीडला खिचडी, सायंकाळी एक कप दूध, रात्री आठला जेवण. तिसऱ्या सोमवारी वजन ठेवताना त्याला अंधारी आली आणि आई त्याला तडक माझ्याकडे घेऊन आली. रक्तशर्करा ७८, हिमोग्लोबिन १३.४, हृदयालेख निर्दोष. झोपलेल्या स्थितीत रक्तदाब ११२/७०, नाडी ७२. उभे केल्यावर तीन मिनिटांनी ९८/६६ आणि १०४. मुलाला पाणी कमी पडले होते, एवढाच त्याचा अर्थ. सकाळपासून त्याच्या पोटात चहाखेरीज द्रव पदार्थ गेला नव्हता.

त्याच्या सोमवारच्या आहाराचा हिशेब आम्ही तिघांनी टेबलावर बसून केला. साठ ग्रॅम साबूदाण्यात जवळजवळ शून्य, पंचवीस ग्रॅम दाण्याच्या कुटात सहा, बटाट्यात एक, दोन केळ्यांत दोन, दुधात सहा ते सात. सायंकाळपर्यंत एकूण सोळा ग्रॅम प्रथिने. रात्रीच्या जेवणात बावीस-तेवीस. म्हणजे सारे मिळून चाळीसच्या आतबाहेर. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला, व्यायाम न करणाऱ्यालाही, भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम लागतात.

बदल सोपे होते आणि त्यातील एकही उपवासाच्या नियमांबाहेरचा नव्हता. कोचिंगच्या मधल्या सुट्टीत, दहाच्या सुमारास, डब्यातील वरीचे तांदूळ आणि चाळीस ग्रॅम दाण्यांची आमटी, सोबत वाटीभर दही. येथेच वीस ग्रॅमपर्यंत प्रथिने झाली. साडेतीनला पाव लिटर दूध आणि चार खजूर, त्यात नऊ. साडेपाचला व्यायाम. सातला पूजा होऊन जेवण, त्यात घट्ट मुगाची आमटी आणि १०० ग्रॅम पनीर धरून पस्तीसच्या आसपास. बेरीज साठीच्या पुढे गेली. याखेरीज दुपारी बारा ते पाच या वेळात सैंधव घातलेले ताक दोन पेले आणि पाणी एक ते दीड लिटर. सैंधव हे मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे. त्याला आयोडीन नसते ही त्याची उणीव महिन्यातील चार दिवसांत महत्त्वाची नाही. कॅफिनची पावडर मी बंद करावयास सांगितली. उपाशीपोटी ती धडधड वाढवते आणि थकव्याची जी सूचना मुलाला मिळावयास हवी ती झाकून टाकते.

व्यायामात पायांचा मुख्य दिवस गुरुवारी नेला. सोमवारी स्क्वॉट ७५ किलोचे, पाच आवर्तनांचे दोनच सेट, नंतर छाती आणि पाठ यांचा एकेक प्रकार, तोही दोन सेट. मध्ये तीन मिनिटे विश्रांती. सर्व मिळून पस्तीस मिनिटे. त्याला एक खूणही शिकवली. सरावाच्या पहिल्या हलक्या सेटमध्ये, समजा ४० किलोच्या, दांडा नेहमीसारखा सरळ वेगाने वर येत नसेल, किंवा बाकावरून उठताना डोके हलके वाटत असेल, तर त्या दिवशी ७५ चे ६५ करावयाचे. दोन्ही गोष्टी असतील तर ताक पिऊन घरी यावयाचे. दुपारच्या लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर जिमला निघण्यापूर्वीच आणखी दोन पेले पाणी. उरलेल्या सोमवारी त्याला अंधारी आली नाही, आणि श्रावण संपला तेव्हा ८० किलोचे पाच सेट तो पूर्वीप्रमाणेच करू शकत होता. एका मुलावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण हा अनुभव शास्त्राला धरूनच आहे.

ट्युनिशियातील संशोधकांनी २०१३ मध्ये शरीरसौष्ठवाचा सराव करणाऱ्या पुरुषांचा रमजानमध्ये अभ्यास केला. काही जण दिवसा रोज्यातच व्यायाम करीत, काही जण रात्री इफ्तारनंतर. महिन्याच्या अखेरीस दोन्ही गटांच्या शरीररचनेत उल्लेखनीय फरक आढळला नाही. उपाशीपोटी वजने उचलली म्हणजे स्नायू झिजतात ही भीती त्यावरून बरीच कमी व्हावी. मात्र हा दाखला आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. त्यांच्या उपवासात काय खावे यावर बंधन नसते, केव्हा खावे यावर असते; सूर्यास्तानंतर ते डाळ, मांस, अंडी सारे खातात. आपल्याकडे एकादशीला आणि नवरात्रात बंधन पदार्थांवर असते. शिवाय ते प्रौढ होते, वाढीच्या वयातील मुले नव्हती.

नवरात्राचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो. उठता-बसता उपवास असेल, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस, तर वर सांगितलेले पुरेसे आहे. नऊ दिवस सलग असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन किलो-दीड किलोने उतरते आणि मुले घाबरतात. ही बहुतांशी पाण्याची घट असते. ग्लायकोजेनचा एक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो आणि साठा घटला की तेही जाते. "मसल गेले" असे समजून चौथ्या दिवशी व्यायाम वाढविणारा मुलगा मी दरवर्षी पाहतो. वास्तविक कमी व्यायामावर कमावलेले किती टिकते, याचे उत्तर अलाबामा विद्यापीठातील २०११ च्या अभ्यासाने फार स्पष्ट दिले आहे. वीस ते पस्तीस वयाच्या लोकांनी सोळा आठवडे व्यायाम करून जे स्नायू कमावले, ते पुढे व्यायामाचे प्रमाण नवव्या हिश्शावर आणूनही बत्तीस आठवडे टिकले. वजन मात्र तेवढेच जड ठेवले होते. साठीच्या पुढील गटात ताकद बरीच टिकली, पण स्नायूंचा आकार टिकला नाही. (आपल्या सभासदांपैकी जे या दुसऱ्या गटात मोडतात त्यांनी नवरात्रात मुलांइतकी सूट घेऊ नये.) तेव्हा नऊ दिवसांत दोन, फार तर तीन वेळा, अर्ध्या तासाचा जड पण आटोपशीर व्यायाम पुरतो. गरबा खेळणाऱ्याने पायांचा वेगळा व्यायाम एकदाच करावा. रोज रात्री दोन-तीन तास उड्या मारणे हा पायांचाच व्यायाम आहे, फक्त तो वहीत कोणी लिहीत नाही. रोजच्या फराळात दूध, दही, चक्का, पनीर, दाणे आणि राजगिरा यांपैकी काहीतरी प्रत्येक वेळी असावे. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने असतात आणि साबूदाण्याची जागा घेण्यास तो सर्वथा योग्य आहे.

निर्जळी उपवासात मात्र मी तडजोड करीत नाही. हरितालिकेला आपल्याकडील मुली पाणीही घेत नाहीत आणि रात्री जागरण करतात. ज्येष्ठातील निर्जला एकादशी तर इंदूरच्या भर उन्हाळ्यात येते. त्या दिवशी वजनाला हात लावू नये आणि दुसऱ्या दिवशी, पाणी व जेवण पूर्ववत झाल्यावरही, हलकाच व्यायाम करावा. मुलींच्या बाबतीत आणखी एक चौकशी अवश्य करावी: पाळी नियमित आहे का? व्यायाम करणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नसेल, तर तिला एकूणच अन्न कमी पडत आहे असे समजून आधी त्याची तपासणी करावी. तिने उपवास तोवर बाजूला ठेवावेत. इन्सुलिनवर असलेल्या आणि अपस्माराची औषधे घेणाऱ्या मुलांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यावा. त्यांना या लेखातील आकडे लागू नाहीत.

शेवटी दसऱ्याविषयी, कारण खरी दुखापत मी तेव्हा पाहतो, उपवासात नव्हे. नऊ दिवसांची भरपाई म्हणून मुले दशमीला शस्त्रपूजेसारखी वजनांचीही पूजा मांडतात आणि पायांचे वीस-वीस सेट करतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सुजून कडक होतात, जिना उतरवत नाही आणि लघवी काळसर, चहाच्या रंगाची होते. ही स्नायू फुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडात उतरल्याची खूण आहे. घरी हळदीचे दूध देऊन वाट पाहू नये. त्याच दिवशी क्रिएटिन कायनेज, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे आणि मुलाला शिरेतून सलाईन सुरू करावे. दसऱ्याच्या पहिल्या व्यायामाला नवरात्रापूर्वीच्या निम्मे सेट, दोन दिवसांनी तीन चतुर्थांश आणि त्यानंतर पूर्ण, एवढा क्रम पाळला तर ही तपासणी करण्याची वेळ सहसा येत नाही.